रविवारी सकाळी दुकान बंद राहील

नोटीस मीच लिहिली होती आणि मराठीतच लिहिली होती. तरी खात्री करायला मी ती आजही पुन्हा वाचते.

"सर्व गिऱ्हाइकांना कळवण्यात येते की, सिस्टीम अपडेटसाठी रविवारी सकाळी दुकान बंद राहील. कोणाचंही कोणतंही काम होणार नाही. दुपारी एक वाजता दुकान उघडेल. तोपर्यंत कृपया शटर वाजवू नये. — जिनत नेट कॅफे, युसूफ वडगाव."

यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा. शनिवारी संध्याकाळी मी ती शटरवर चिकटवली, व्हॉट्सॲपच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि स्टेटसलाही ठेवली. एकशे चाळीस जणांनी बघितली. अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने तर गुलाबाचं फूलही पाठवलं. वाचली मात्र कुणीच नाही. आमच्या गावात नोटीस ही बघायची गोष्ट आहे. वाचायचं काम दुसऱ्याचं.

अपडेट हौसेने करत नव्हते. बोटाचा ठसा घ्यायचं माझं जुनं यंत्र शुक्रवारपासून चालेनासं झालं होतं. नवीन धाटणीचंच यंत्र पाहिजे, असा वरून हुकूम आला होता. मी नवं मागवलं, ते शनिवारी दुपारी केजवरून आलं आणि माझ्या कॉम्प्युटरला लावलं तर कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुमची विंडोज जुनी आहे. आधी ती नवी करा." दुकानात तीन मशीन. त्यातल्या दोन इतक्या म्हाताऱ्या की नवी विंडोज त्यांना झेपणार नाही, त्या नुसत्या टायपिंगला आणि प्रिंटला. राहिली एक नंबरची मशीन. तिची डिस्क जुनी, चाल बैलगाडीची. डाउनलोड रात्रीतून करून ठेवता येत होतं, पण बसवायला चार-पाच तास लागणार, आणि तेवढा वेळ तिला कुणी हात लावायचा नाही.

आता कुणी म्हणेल, मग आठवडाभर थांबायचं. थांबता येत नव्हतं, कारण तुळजामावशी.

तुळजाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहते. नवरा नाही, मूल नाही, जन्म लोकांचा कापूस वेचण्यात गेला. निराधारांचा पगार येतो त्यावर तिची चूल पेटते. त्या पगारासाठी माणूस जिवंत आहे याची आधार पडताळणी करायची होती आणि पोर्टल रविवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. महिनाभरात मी तिला सात-आठ वेळा बसवलं असेल. वेचणीने तिची बोटं इतकी गुळगुळीत झालीत की जुनं यंत्र ठसा घेईना. मोबाईलवर चेहऱ्याने करायचं ॲप आहे, पण ते पापणी मिटायला सांगतं आणि मावशीची एक पापणी कायमची लुळी पडलेली. ॲपला वाटायचं, समोर फोटो धरलाय. जिवंत बाई समोर बसून शिव्या देतेय आणि ॲप म्हणतंय, जिवंत व्यक्ती दाखवा. नवं यंत्र झिजलेली बोटंसुद्धा वाचतं, असं सगळे सांगत होते. केजची केंद्रं रविवारी बंद. म्हणजे माझी एक नंबरची मशीन, हे नवं यंत्र आणि एक ते पाच ही वेळ, एवढंच मावशीच्या हातात होतं.

शनिवारी मी तिच्या घरी जाऊन सांगून आले. "मावशी, उद्या दुपारी एकला या. पहिला नंबर तुमचा."

"आन् न्हाई झालं तर?"

"नाव यादीतून निघतंय. मग केजला तहसीलला परत सगळा अर्ज."

"तवर?"

मागच्या वर्षी बाजूच्या गल्लीतल्या एकीला पुन्हा चालू व्हायला आठ महिने लागले होते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

रविवारी पहाटे फजरची नमाज झाली तशी मी दुकानात गेले. शटर आतून ओढून घेतलं, वाऱ्यापुरतं हातभर वर ठेवलं. माझा नवरा कासम, त्याचं समोरच मोटार वायंडिंगचं दुकान आहे, त्याने आदल्या दिवशीच इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालून दिलं होतं, कारण रविवार असो की ईद, सकाळची लाइट जाते म्हणजे जातेच. गिऱ्हाइकांच्या फायली मी रात्रीच बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या होत्या. अपडेट चालू केलं. निळा पडदा आला, गोल फिरायला लागला, खाली टक्के. मी चहाचा थर्मास उघडला. किती वर्षांनी दुकानात एकटी बसले होते. छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

ते सुख फार टिकलं नाही. बाहेर कुजबुज सुरू झाली, मग खोकणं, मग लेकरांचं रडणं. मी वाकून शटरखालून बघितलं तर समोर चपला. नुसत्या चपला, एकामागे एक, थेट कासमच्या दुकानापर्यंत. आमच्याकडे रेशनला, टँकरला, कशालाही नंबर लावायचा तर माणूस सावलीत बसतं आणि चप्पल रांगेत उभी राहते. मधेमधे पिशव्या, एक वीट, एक रिकामी कळशी.

मी बाहेर आले. "अरे, काय हाय हे? नोटीस वाचली न्हाई का? दुकान बंद हाय!"

"बंद कसं? आज नवा सर्व्हर बसतोय की," रांगेतली एक बाई म्हणाली.

"कोण म्हनलं?"

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर एक चित्र. भगव्या पट्ट्यावर विजयसिंहचा हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरात: "विजयभैय्यांच्या पाठपुराव्याला यश! युसूफ वडगावात नवीन सर्व्हर! रविवारी सकाळपासून सर्वांची कामे मार्गी. स्थळ : जिनत नेट कॅफे."

मी ते दोनदा वाचलं. मग डोक्यात असा जाळ झाला की समोरची बाई दोन पावलं मागे सरकली.

विजयसिंह म्हणजे माजी सरपंचांचा मुलगा. पुढच्या निवडणुकीला उभा राहणार, म्हणून गेल्या वर्षभर गावात जे काही होईल ते त्याच्या पाठपुराव्याने होतं. पाऊस पडला तरी बॅनर लागतो. माझी नोटीस त्याने स्टेटसला बघितली, आणि त्यातल्या 'सिस्टीम अपडेट' एवढ्या दोन शब्दांवर हा डोलारा उभा केला.

आणि लोकांचं तरी काय? वर्षानुवर्षं मी काउंटरमागून सांगत आले, "सर्व्हर डाउन हाय." सगळ्यांची ठाम समजूत, की सर्व्हर म्हणजे माझ्या मागच्या खोलीत ठेवलेली वस्तू. मोटारीसारखी. खराब झाली की मी सांगते, पण दुरुस्त काही करत नाही. आता भैय्याने नवी आणून दिली.

"सर्व्हर माझ्याकडं न्हाई!" मी ओरडले. "तो मुंबईला असतो का दिल्लीला असतो, मलाबी ठाव न्हाई! मी माझा डबा नीट करतेय, माझा! एकला या!"

"मग तीन म्हयने कावून सांगतीस सर्व्हर डाउन?" मागून एक म्हातारा उसळला. "आमी काय येडे का? तूच बंद ठेवती व्हती!"

बस. त्या एका वाक्याने रांग चिडली. कुणाचा सातबारा अडला होता, कुणाच्या पोराचा दाखला, कुणाच्या सुनेचं केवायसी. ज्या ज्या सरकारी खिडकीने त्यांना परत पाठवलं होतं, तिचा सगळा राग त्या सकाळी माझ्या दारात आला. खिडकी लांब होती, मी जवळ होते. मीही काही गप्प बसणारी नाही. त्यांनी एक म्हटलं की मी दोन सुनावत होते. पायरीवर, सगळ्यात पुढे, तुळजामावशी बसली होती. मी एकला सांगितलं होतं, पण ही पहाटेच येऊन बसलेली. भीतीने माणूस लवकर येतं.

"गप बसा की रे," ती म्हणत होती. "तिला काम करू द्या." तिचं कोण ऐकतंय.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. विजयसिंह उतरला, मागे शहादेव. शहादेव म्हणजे त्याचा उजवा हात, डोकं वापरायची गरज नसलेला. रांगेतून आरोळी उठली, "भैय्या, दुकान बंद हाय म्हनतात!"

विजयसिंहच्या चेहऱ्यावर मी बघितलं. त्याला कळलं होतं. मी त्याला मूर्ख समजत नाही. सर्व्हर असा बसत नसतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण पन्नास-साठ मतं उन्हात उभी होती आणि चित्रावर फोटो त्याचा होता.

"भाभी, लोकं ताटकळलेत. उघडा ना."

"विजूभाऊ, मशीनमध्ये अपडेट चालू हाय. मधीच हात लावला तर सगळं उलटं फिरंल. तुमीच लोकांना सांगा, तुमचं ऐकतील."

"एवढं काय त्यात? पाच मिन्टं दोन-चार जनांचं करून टाका. मी हाय ना."

"तुमी हाय म्हणूनच तर ही वेळ आली!"

हे मी बोलायला नको होतं असं कासम नंतर म्हणाला. मला तसं वाटत नाही. पण एवढं खरं, की त्या बोलण्यावर रांगेतलं कोणीतरी हसलं, आणि ते हसू विजयसिंहने ऐकलं. त्याने शहादेवला नुसती मान हलवली.

शहादेवने शटर धाडकन वर केलं. मी आडवी आले तर मला बाजूला सारून तो आत. रांग त्याच्यामागे दारात दाटली. एक नंबरची मशीन चालू, निळा पडदा, गोल फिरतोय, टक्के एकसष्ट. बराच वेळ ते एकसष्टवरच होते. जुनी डिस्क तशीच करते, अडते आणि मग चालते. पण बघणाऱ्याला काय दिसलं? कॉम्प्युटर चालू आहे आणि जिनत म्हणते बंद.

"बघा! चालूच हाय की बे!" शहादेव ओरडला. "हँग झालंय नुसतं."

"हात लावू नको! शहादेव! तिथं लिहिलंय बंद करू नका म्हणून!"

आता ऐका. माझ्या दुकानात मशीन हँग झाली की मी काय करते, हे सगळ्या गावाने शेकडो वेळा बघितलंय. बटण दाबून धरायचं, दिवा विझेपर्यंत, मग परत चालू. एवढी एकच विद्या शहादेवला येत होती. त्याने ती वापरली. बोट बटणावर ठेवलं आणि दाबून धरलं. मी त्याचा हात धरून ओढत होते आणि तो गिऱ्हाइकांकडे बघून हसत होता. दिवा विझला.

निळा पडदा काळा झाला.

"आता बघा, होतंय चालू," म्हणून त्याने परत बटण दाबलं. मशीन घरघरली. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं आली. जुनी विंडोज परत आणत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका.

"झालं ना चालू?" विजयसिंह म्हणाला.

"झालं," मी म्हणाले. "सकाळपासून जेवढं चढलं तेवढं आता खाली उतरणार. उतरायला दुपार होईल. मग परत पहिल्यापासून चार-पाच तास. पोर्टल पाचला बंद. तुळजामावशीचा पगार आत्ता गेला, विजूभाऊ. तुमच्यासमोर गेला. बघितला का जाताना?"

तुळजामावशी दारात उभी होती. तिला टक्के-बिक्के काही कळत नव्हतं, पण तिचं नाव आणि 'गेला' हे दोन शब्द तिने ऐकले.

"परत न्हाई का करता यायचं?" विजयसिंह हळू आवाजात म्हणाला. "कुनाला फोन लावू का? सांगा, कुनाला लावू?"

"कुणाला लावता? सर्व्हरला?"

त्याने खरंच खिशातून फोन काढला होता. तो त्याने परत खिशात घातला, "बघतो, मंगळवारी सायबांकडं जाऊन येतो," म्हणाला आणि गाडीत बसला. शहादेव माझ्याकडे न बघता मागोमाग गेला. लोकांनी एकेक करून चपला पायात घातल्या. जो म्हातारा मला बंद ठेवते म्हणाला होता, त्याने शटरवरची नोटीस आता बोट ठेवून वाचली. मला तेव्हा त्याची कीव आली नाही, राग आला. हीच नोटीस काल तिथेच होती.

मशीन दुपारी ताळ्यावर आली. मी पुन्हा अपडेट चालू केलं. होणार नाही हे माहीत असून केलं, कारण नुसतं बसवेना. मावशी शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली, अंगठा पदरात धरून. कासमने भात आणून दिला, तिने दोन घास खाल्ले. अजान झाली. टक्के हळूहळू वाढत होते, मावशी मधूनच विचारायची, "किती झालं?" आणि मी सांगायची. चाळीस. पंचावन्न. एकसष्टला पुन्हा अडलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

पाच वाजले तेव्हा अठ्ठ्याऐंशी होते. मी दोन नंबरच्या मशीनवर पोर्टल उघडून बघितलं. "मुदत संपली आहे."

मी मान खाली घातली आणि रडले. रागाने रडले. मावशीसाठी किती आणि माझ्या वाया गेलेल्या सकाळीसाठी किती, ते मला वेगळं काढता येणार नाही.

मावशी मात्र रडली नाही. तिने पडद्यावरचं वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाली, "जिनत, तुझी ती दुसरी मशीन चालू हाय का?"

"टायपिंगपुरती हाय."

"मंग माझी एक नोटीस लिही."

"कसली नोटीस?"

"तू लिवली व्हतीस तसली. मोठ्या अक्षरात. मी सांगते तसं." ती उठून उभी राहिली आणि काउंटरवर हात ठेवला. "लिही. समद्या गावाला कळवन्यात येतं की..."

मी लिहीत गेले. तिचं एक अक्षर बदललं नाही. प्रिंटरने कागद बाहेर टाकला तेव्हा मी तिला तो वाचून दाखवला. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आता अंगठा."

ड्रॉवरमध्ये निळ्या शाईचं पॅड होतं. मी उघडून पुढे केलं. तिने अंगठा शाईत दाबला, मग कागदावर. महिनाभर जो ठसा कुठलंच यंत्र घेत नव्हतं, तो कागदाने एका दमात घेतला. रेषा नव्हत्या फारशा, पण कुणाचा आहे ते कळत होतं.

आम्ही दोघी विजयसिंहच्या वाड्यावर गेलो. वाटेत एकेक जण मागे लागला. मी कालचीच चिकटपट्टी घेऊन गेले होते. लोखंडी दारावर, त्याच्या हात जोडलेल्या बॅनरच्या अगदी शेजारी, मी कागद लावला. मावशीने चपला काढल्या, दारासमोर नीट ठेवल्या आणि ओट्यावर बसली.

विजयसिंह बाहेर आला. "मावशी, हे काय चाललंय?"

"वाच की. नोटीस हाय."

त्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. पण तोपर्यंत मागे गर्दी झाली होती आणि सकाळचाच तो म्हातारा, एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचत होता.

"समद्या गावाला कळवन्यात येतं की, आजपासून तुळजाबाई दोन्ही वेळ विजयसिंहच्या घरी जेवंल. पगार चालू व्हईस्तवर जेवंल. कारन बटन त्याच्या मानसानं दाबलं. म्या त्याला ल्हानपनी तेल लावून न्हाऊ घातलंय, त्याचं काई मागत न्हाई. भाकरी गरम पायजे. कुनी मधी पडू नये."

कुणी हसलं नाही. आतून विजयसिंहची आई दारात आली, तिने कागद बघितला, मुलाकडे बघितलं, आणि परत आत जाऊन चुलीवर तवा ठेवला. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

ही नोटीस मात्र गावाने शेवटपर्यंत वाचली.